पैसे आधी की पार्सल आधी?

प्रति,
संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

घाटंजी तालुक्यातल्या एका गावात मी ऑनलाइन सेवा केंद्र चालवतो. सातबारा, पीकविमा, आधार ही रोजची कामं. त्यांच्या जोडीला अलीकडे लोक माझ्याकडे बसून वस्तूही मागवतात. पैसे कसे द्यायचे हे विचारलं की दहातले आठ जण एकच सांगतात, ‘पार्सल आल्यावरच देऊ ना भाऊ, पयले कायले द्याचे?’ त्यांना वेड्यात काढावं असं मला वाटत नाही. पण आल्यावर पैसे दिल्याने आपण ज्या गोष्टीपासून वाचतो असं लोक समजतात, त्यापासून आपण वाचत नाही. एवढं सांगण्यासाठी हे पत्र.

आमच्याच गावातला एक व्यवहार सांगतो. ऐन श्रावणात, कपाशीवर तुडतुडे असताना, एका शेतकऱ्याने बॅटरीचा फवारणी पंप मागवला. पंपाची किंमत 2,950 रुपये. आधी पैसे भरले तर शंभर रुपये सूट होती, आल्यावर द्यायचे म्हटलं की 49 रुपये जादा. म्हणजे एकाच पंपाचे 2,850 किंवा 2,999. फरक 149 रुपयांचा. त्यांनी 2,999 वाला पर्याय घेतला, कारण ‘डबा उघडून पाहू, चांगला असला तर पैसे देऊ.’

उघडून पाहायला कोण देतो? कुरिअरच्या पोराने फोन करून त्यांना फाट्यावर बोलावलं, गावात येण्याइतका वेळ त्याच्याकडे नव्हता. डबा हातात द्यायच्या आधी त्याने पैसे मोजून घेतले. खोलून पाहतो म्हटल्यावर म्हणाला, ‘काका, खोलायची परवानगी नाही. घ्यायचं नसेल तर परत नेतो.’ त्याचंही खोटं नव्हतं. काही कंपन्या निवडक वस्तूंना समोर उघडून पाहण्याची सोय देतात, पण ऑर्डरवर तसं लिहिलेलं असेल तरच. एरवी रोख पैसे घेऊन बंद डबा द्यायचा, एवढंच त्याचं काम. रोख देणारा आणि आधी भरणारा, दोघांनाही माल दिसतो तो डबा ताब्यात आल्यावरच.

पंप घरी नेला, रात्रभर चार्ज केला, सकाळी शेतात नेला. दोन टाक्या मारून होत नाहीत तोच बॅटरी बसली. त्याच संध्याकाळी माझ्याकडे बसून त्यांनी फोटोसकट परतीची विनंती टाकली.

खरा वेळ गेला तो इथून पुढे. पंप न्यायला माणूस यायचा होता, तो आलाच नाही. अॅपवर मात्र ‘ग्राहक उपलब्ध नव्हता’ असं दिसू लागलं. काका दिवसभर घरीच होते आणि फोन एकदाही वाजला नव्हता. तक्रार केली, पुन्हा तारीख मिळाली, पुन्हा तेच. शेवटी बऱ्याच फोनाफोनीनंतर पंप गेला. मग तो गोदामात पोचायचा, तिथे तपासला जायचा आणि त्यानंतर रिफंड मंजूर व्हायचा. यातला एकही दिवस पैसे रोख दिले म्हणून वाढला नाही, आणि आधी भरले असते तर कमीही झाला नसता. आमच्याकडे रिफंड उशिरा मिळतो तो मुख्यतः पार्सल परत नेणारं कोणी वेळेवर येत नाही म्हणून. काही पिनकोडवर तर ही सोयच नसते, वस्तू स्वतः पोस्टाने पाठवा म्हणतात. म्हणून महागडी वस्तू मागवण्याआधी त्या वस्तूच्या पानावर आपला पिनकोड टाकून परतीचे नियम वाचावेत. पैसे कसे द्यायचे हा प्रश्न त्यानंतरचा.

फरक पडतो तो रिफंड मंजूर झाल्यावर. पैसे आधी भरले असतील तर ते ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात परत येतात. कोणी काही विचारत नाही आणि यूपीआयने भरलेले सहसा काही दिवसांत जमा होतात. रोख दिलेल्या पैशांना परतीची अशी वाट नसते. कंपनी खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड मागते, किंवा पैसे आपल्याच वॉलेटमध्ये टाकून मोकळी होते. या काकांनी पासबुक बघून खाते क्रमांक आणि कोड भरला. पासबुक होतं विदर्भ कोकण ग्रामीण बँकेचं. ती बँक 1 मे 2025 पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत एकत्र झाली आहे. जुना कोड चालला नाही, पैसे कंपनीकडे परत गेले आणि अॅपवर मात्र ‘रिफंड पूर्ण’ अशी हिरवी खूण. काका रोज बँकेत, बँक म्हणते आमच्याकडे काही आलं नाही.

अशा वेळी भांडून उपयोग नसतो, कंपनीकडे यूटीआर क्रमांक मागायचा असतो. खात्यात पाठवलेल्या प्रत्येक रकमेला असा क्रमांक असतो आणि त्यावरून पैसे कुठे अडले ते कळतं. तो मागितला तेव्हा कुठे रक्कम परत आल्याचं कंपनीने मान्य केलं. शाखेतून नवा कोड लिहून आणला, तो दिला आणि पैसे आले. आले 2,950. वरचे 49 ‘सेवा शुल्क’ म्हणून गेले ते गेलेच. तोवर तुडतुड्यांनी पानं लाल करून टाकली होती आणि काकांनी घाटंजीच्या दुकानातून दुसरा पंप आणलाही होता.

आधी भरण्यातली आमच्याकडची खास अडचणही सांगायला हवी. इथे पैसे पुष्कळदा भरतो एक आणि वस्तू असते दुसऱ्याची. पुण्यातल्या भाच्याने मावशीसाठी मिक्सर मागवला, मावशीने त्याला रोख दिले, मिक्सर परत गेला. रिफंड भाच्याच्या खात्यात. भाचा ‘आले नाहीत’ म्हणतो आणि मावशी माझ्या केंद्रात येऊन माझ्यावर ओरडते. म्हणून मी स्वतःच्या यूपीआयवरून कोणाचे पैसे भरणं बंद केलं आहे. ज्याची वस्तू त्याच्याच खात्यातून भरणं शक्य असेल तरच आधी भरा. नाही तर रोख दिलेले बरे.

मग आल्यावर पैसे देण्याचा फायदा कुठे? वस्तू येईल की नाही याचीच शंका असेल तिथे. फेसबुकवर, इन्स्टाग्रामवर जाहिरात दिसते, ना पत्ता ना नाव, आणि पाच हजारांची वस्तू नऊशेत. तिथे आधी पैसे भरणं म्हणजे पाण्यात टाकणं. रोखीत निदान काही तरी हातात पडतं. पण डब्यात साडीऐवजी चिंधी निघाली तर पैसे कुरिअरमार्फत विकणाऱ्याकडे जातात आणि त्याचा फोन लागत नाही. अशा ठिकाणी दोन्ही पर्याय सोडून द्यावेत. ‘99 रुपये आधी, बाकी आल्यावर’ म्हणणारेही आता दिसतात. नामांकित विक्रेता हे करतो ते पार्सल नाकारलं गेलं तर जाण्या-येण्याचं भाडं त्याच्या अंगावर पडतं म्हणून. ठग मात्र ते 99 घेऊनच पसार होतो.

रोखीचा आणखी एक धोका म्हणजे न मागवलेलं पार्सल. माणूस वावरात, घरी आजी. डब्यावर नातवाचं नाव आणि मोबाईल नंबर बरोबर, चारशे-पाचशे मागतात, आजी देऊन टाकते. घरी सांगून ठेवावं की फोन करून विचारल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. डिलिव्हरीवाल्याचा क्यूआर स्कॅन करून पैसे देत असाल तर पिन टाकण्याआधी स्क्रीनवरचं नाव वाचा. कंपनीऐवजी एखाद्या माणसाचं नाव दिसलं तर थांबा. आणि रिफंड देतो म्हणून फोनवर कोणी यूपीआय पिन किंवा ओटीपी मागितला, लिंकवरून अॅप टाकायला सांगितलं, तर फोन ठेवा. पैसे मिळण्यासाठी पिन लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर कळवावं, जितका उशीर तितकी ती रक्कम पुढे पुढे सरकते.

आधी भरताना रेंज जाते, पैसे कटतात, ऑर्डर लागत नाही, हेही आमच्याकडे नेहमीचं. लोक घाबरून दुसऱ्यांदा भरतात. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार दुकानदाराला यूपीआयने दिलेले असे फसलेले पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई आहे. मात्र हा नियम फसलेल्या व्यवहारांना आहे, परत केलेल्या मालाला नाही. लोक दोन्हींची गल्लत करून बँकेत वाद घालतात. मालाच्या रिफंडबद्दल 2020 चे ई-कॉमर्स नियम फक्त ‘वाजवी मुदत’ म्हणतात, दिवस सांगत नाहीत. त्याच नियमांत तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यावी आणि महिन्याभरात निकाली काढावी असं मात्र स्पष्ट आहे. नाही झालं तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यापुढे जायचं झालं तर यवतमाळच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, विक्रेता दिल्लीचा असला तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

माझा स्वतःचा हिशेब असा. ओळखीची मोठी कंपनी, परतीची सोय आपल्या पिनकोडला आहे, खातं आपलं आहे, तर आधी भरून सूट घ्यावी. यातली एक जरी गोष्ट नसेल तर वरचे 49 रुपये देऊन रोखीने घ्यावं किंवा तालुक्याला जाऊन दुकानातून आणावं. दुकानदार पंप चालवून दाखवतो.

कंपन्यांकडे मागणी दोनच. रोखीने घेणाऱ्याला पैसे देण्याआधी डबा उघडून पाहू द्या, निदान दोन हजारांवरच्या वस्तूंना. आणि परत नेणारा आला नाही तर ‘ग्राहक उपलब्ध नव्हता’ लिहिण्याआधी त्याने ग्राहकाला फोन केल्याची नोंद दाखवा. सरकारकडे एक मागणी आहे. रोखीचं जादा शुल्क शेवटच्या पानावर टाकण्याऐवजी किमतीच्या शेजारीच दाखवायला लावा. किंमत अशी तुकड्यातुकड्याने वाढवत नेण्याला केंद्र सरकारच्या नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांत मनाई आहेच. त्या काकांना ते 49 रुपये दिसले ते ऑर्डर पक्की करायच्या बटणापाशी.

आपला,
एक वाचक
ता. घाटंजी, जि. यवतमाळ