मजला चढवण्याआधी पाया उघडून बघा

संपादक महोदय,

मी नागपुरात स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, आणि लोक माझ्याकडे येऊन म्हणतात "साहेब, वर एक मजला चढते का, तेवढं लेटर द्या". पुरावा म्हणून गच्चीवर सोडलेल्या सळ्यांचा फोटो दाखवतात. पण त्या सळ्यांवरून मालकाची इच्छा कळते, खाली फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा काँक्रीटचा पसरट पाया, किती मोठं आहे ते कळत नाही.

मानेवाड्याकडचं एक घर सांगतो, तळमजला अधिक एक, 1990 च्या आसपासचं, ड्रॉइंग हरवलेलं. मालकांचं म्हणणं, मिस्त्री बोलला होता पाया तळमजला अधिक दोन मजल्यांचा आहे. मी म्हटलं, काका, आधी मधल्या कॉलमजवळ खड्डा करू. पाच फुटांवर फुटिंग लागलं, दीड मीटर बाय दीड मीटर, आणि त्याखाली मुरूम नव्हता, काळ्या मातीच्या खालची पिवळी माती होती. सॉइल टेस्टमध्ये क्षमता आली चौरस मीटरला 15 टन. आता त्या फुटिंगवर आजचं वजन साधारण 30 टन, म्हणजे चौरस मीटरला 13 च्या वर, चाललं. नवीन मजल्याचे भिंती-स्लॅब धरून 14 टन वाढले की तेच साडेएकोणीसच्या वर जातं. एवढ्या वजनाने घर एकदम पडत नाही, पण एक कोपरा खचतो आणि भिंतीत तिरप्या भेगा येतात, काळी माती पावसाळ्यात फुगते नि उन्हाळ्यात आक्रसते त्यामुळे त्या अजून वाढतात.

मग कॉलम. 9 बाय 12 इंची, 12 मिमीच्या सहा सळ्या. काँक्रीटवर ठोकून कडकपणा मोजणाऱ्या रिबाउंड हॅमरचे आकडे बरे आले होते, पण तो वरचा थरच सांगतो आणि जुनं काँक्रीट कार्बोनेशनने वरून कडक झालेलं असतं, म्हणून सळ्या कुठे आहेत ते मशीनने शोधून, त्या वाचवून तीन कोअर, म्हणजे आतल्या काँक्रीटचे गोल नमुने काढले. एम-15 काँक्रीटची ताकद चौरस मिलीमीटरला 15 न्यूटन धरतात, कोअरची सरासरी त्याच्या किमान 85 टक्के म्हणजे 12.75 पाहिजे, आली 11.5. त्या हिशोबाने कॉलम 34 टनापर्यंत सुरक्षित, फुटिंगचं स्वतःचं वजन वगळून आज त्यावर 27 आहेत, मजला चढवला की 41 होतात. आपण भूकंपाचा धोका कमी असलेल्या झोन 2 मध्ये आहो, तरी आडव्या बलाचा हिशोब वेगळा करावाच लागतो, आणि या घरात हॉल मोठा करायला खालची एक भिंत पाडलेली होती, वरच्या मजल्यावर तिच्या रेषेत नवीन कॉलम टाकला असता तर तो खाली कॉलम नसताना सरळ बीमवर उभा राहिला असता.

म्हणून मी लेटरमध्ये लिहिलं, आहे तसा मजला चढवता येणार नाही. फुटिंग 1.8 मीटरचं केलं, कॉलमला खालपासून जॅकेट, म्हणजे भोवती नव्या सळ्या आणि काँक्रीटचा थर केला आणि वरचे कॉलम जुन्यांच्या बरोबर डोक्यावर ठेवले तर जमेल, तेही सगळे कॉलम तपासल्यावर. काका नाराज झाले, म्हणाले दुसरा इंजिनिअर बिना खोदता लेटर देतो. देत असेलही, पण खड्डा भरायच्या आधी मी त्यांना खाली उतरवून ती पिवळी माती हातात दिली, मग त्यांनी काम थांबवलं.

एक वाचक, नागपूर