राजाने सहीच केली नाही तर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत युरोपातल्या राजघराण्यांवरचा लेख वाचला. छायाचित्रं छान होती. पण लेखकाने सगळ्या राजांना एकाच वाक्यात निकालात काढलं आहे: ते निव्वळ शोभेचे, संसदेने पाठवलेल्या कागदावर मुकाट सही करणारे. हे बऱ्याच अंशी खरंच आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवायचो तेव्हा मीही जवळपास हेच सांगायचो, आणि दरवर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी विचारायचंच, ‘सर, राजाने सहीच केली नाही तर?’ हा प्रश्न पोरकट नाही. बेल्जियममध्ये १९९० साली नेमकं हेच घडलं, आणि लेखात बेल्जियम असूनही त्याचा उल्लेख नाही, म्हणून हे पत्र.

बोदुआं राजा तेव्हा जवळजवळ चाळीस वर्षं गादीवर होता. कट्टर कॅथलिक, पत्नी फाबिओलाही तशीच श्रद्धाळू, पोटी मूल नाही. गर्भपाताला ठरावीक अटींवर मुभा देणारं विधेयक संसदेत आलं. समाजवादी सिनेटर रोजे लालमां आणि फ्लेमिश उदारमतवादी पक्षाच्या ल्युसिएन हेर्मान-मिखिल्सेन्स यांनी ते मांडलं होतं. म्हणजे ते सरकारी विधेयक नव्हतं, आणि ही बाब महत्त्वाची आहे. पंतप्रधान विल्फ्रीड मार्टेन्स ख्रिश्चन डेमोक्रॅट. त्यांचा पक्ष विधेयकाच्या विरोधात होता, पण सरकारातले समाजवादी आणि विरोधी बाकांवरचे उदारमतवादी एकत्र आले आणि विधेयक दोन्ही सभागृहांत पास झालं. कनिष्ठ सभागृहाची मोहोर उठली २९ मार्च १९९० रोजी.

दुसऱ्या दिवशी राजाने मार्टेन्सना पत्र लिहिलं. माझी सदसद्विवेकबुद्धी मला यावर सही करू देत नाही, हा त्याचा मथितार्थ. पुढे त्याने विचारलं होतं की, अशा मूलभूत बाबतीत मनाविरुद्ध वागायला भाग पडणारा मी एकटाच बेल्जियन नागरिक असावा, हे योग्य आहे का? विवेकस्वातंत्र्य सगळ्यांना आहे आणि ते फक्त राजालाच नाही, असं आहे का? मात्र त्याच पत्रात त्याने हेही कबूल केलं की, आपल्यामुळे लोकशाही संस्थांचं काम अडून राहणं मान्य होण्यासारखं नाही. तेव्हा सरकारने आणि संसदेने कायद्यात बसेल असा मार्ग काढावा. आपल्याकडे या प्रसंगाचा उल्लेख झालाच तर ‘राजाने कायदा अडवला’ असा होतो. पत्र तसं म्हणत नाही. सही माझ्या हातून नको, कायदा मात्र होऊ द्या, असं ते म्हणतं.

आता यातला खरा पेच. बेल्जियमच्या राज्यघटनेत राजा हा कायदेमंडळाचा एक घटक आहे. त्याच्या मंजुरीशिवाय विधेयकाचा कायदा होत नाही. आपल्याकडे अनुच्छेद १११ खाली राष्ट्रपती विधेयक एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात, आणि संसदेने ते पुन्हा पास केलं तर संमती रोखू शकत नाहीत. तिथे अशी पळवाट नाही. संसदेने पुन्हा कितीही मोठ्या बहुमताने ठराव केला तरी राजाची सही हवीच. कागदावर हा पूर्ण नकाराधिकार आहे, तो वापरायचा नाही एवढाच संकेत. शिवाय दुसरा नियम असा की, राजाच्या प्रत्येक कृतीवर मंत्र्याची प्रतिस्वाक्षरी लागते आणि जबाबदारी मंत्र्याची असते, राजाची कधीच नाही. म्हणजे राजाने नकार दिला, तर त्या नकाराचं उत्तर संसदेत मार्टेन्सनी द्यायचं. ज्या संसदेने विधेयक पास केलं तिच्यासमोर उभं राहून ‘राजा सही करणार नाही’ हे पंतप्रधान कोणत्या तोंडाने सांगणार? राजीनामा दिला तर विधेयक तसंच पडून राहणार आणि राजा थेट राजकारणात ओढला जाणार. राजाने गादी सोडायची, हा आणखी एक मार्ग होता.

मार्टेन्सनी जी वाट काढली ती वाचून मी आजही थक्क होतो, आणि थोडा अस्वस्थही. घटनेच्या तेव्हाच्या ८२व्या अनुच्छेदात (आज तो ९३वा आहे) अशी तरतूद होती की, राजा राज्य करण्यास असमर्थ झाला तर मंत्र्यांनी तशी खातरजमा करून संसद बोलवावी. ३ एप्रिलच्या रात्री मंत्रिमंडळाने राजा असमर्थ असल्याचं नोंदवलं. गादी रिकामी असताना राजाचे अधिकार मंत्रिपरिषद बेल्जियन जनतेच्या नावाने वापरते, हा घटनेतलाच दुसरा नियम त्याला जोडला, आणि राजाच्या सहीच्या जागी सर्व मंत्र्यांनी सह्या केल्या. त्यांत विधेयकाला विरोध करणाऱ्या पक्षाचे मंत्रीही होते, खुद्द मार्टेन्सही. ५ एप्रिलला दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक झाली. असमर्थता संपली, असा ठराव २४५ मतांनी मंजूर झाला. विरोधात एकही मत नाही, पण ९३ जण तटस्थ. दोन दिवसांच्या आत राजा गेला आणि परतही आला, तोवर कायदाही झाला.

ते ९३ तटस्थ का राहिले, हे सोपं आहे. असमर्थतेची तरतूद आजारपण, वेड, कैद यांसाठी होती. याआधी ती वापरली गेली होती १९४०च्या मे महिन्यात. तेव्हा बोदुआंचे वडील तिसरे लिओपोल्ड जर्मनांच्या कैदेत होते आणि मंत्री देशाबाहेर. ती असमर्थता खरीच होती. १९९० साली मात्र राजा धडधाकट, राजवाड्यात हजर, फक्त एका कागदावर सही करायला नाराज. याला असमर्थता म्हणणं म्हणजे घटनेच्या शब्दाला पीळ देणं, हा तेव्हाच्या टीकाकारांचा आक्षेप मला पटतो. तरीही मार्टेन्सना दुसरं काय करता आलं असतं, हे मला सुचत नाही.

लिओपोल्ड यांचं नाव आलंच आहे तर थोडं विषयांतर. युद्धात त्यांनी शरणागती पत्करली आणि मंत्र्यांबरोबर न जाता ते देशातच राहिले, हे अनेकांनी त्यांना माफ केलं नाही. १९५० साली सार्वमतात सुमारे ५८ टक्के लोकांनी त्यांच्या परतण्याला कौल दिला, पण डचभाषक फ्लेमिश भाग बाजूने आणि फ्रेंचभाषक वालोनिया विरोधात, असा देश उभा फाटला. ते परतले तेव्हा संप झाले, गोळीबारात माणसं मेली, आणि शेवटी त्यांनी मुलासाठी गादी सोडली. तो मुलगा म्हणजे बोदुआं, १९५१ साली अवघ्या विसाव्या वर्षी राजा झालेला. बहुमत पाठीशी असूनही राजाची जागा कशी जाते, हे त्याने घरातच पाहिलं होतं. पत्रातली ‘संस्थांचं काम अडू नये’ ही ओळ मला म्हणूनच केवळ शिष्टाचाराची वाटत नाही.

आपल्याकडे त्याच सुमारास घडलेली गोष्ट शेजारी ठेवून पाहावी. १९८६ साली संसदेने टपाल दुरुस्ती विधेयक पास केलं. त्यात लोकांची पत्रं उघडण्याचे अधिकार सरकारला मिळणार होते. राष्ट्रपती झैलसिंग यांनी सही केली नाही आणि विधेयक परतही पाठवलं नाही. नुसतं ठेवून दिलं. घटनेत मुदत नसल्यामुळे त्यांना कोणी काही विचारू शकलं नाही. परिणाम माझ्या मते चांगला झाला, पण रीत पाहिली तर बोदुआंची अधिक सरळ होती. त्याने नकार लेखी दिला, कारण दिलं, आणि तो पत्रव्यवहार लोकांसमोर आला. एरवी राजा आणि मंत्री यांच्यातलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, हा तिथला फार कडक दंडक आहे.

लेखकाचं ‘शोभेचे’ हे विशेषण आणखी एका ठिकाणी तोकडं पडतं. बेल्जियममध्ये कोणालाच बहुमत मिळत नाही, आणि निवडणुकीनंतर कोणाला बोलवायचं, कोणी चाचपणी करायची, कोणी सरकार बनवायचं, हे राजा ठरवतो. १३ जून २०१० रोजी निवडणूक झाली आणि सरकारने शपथ घेतली ती ६ डिसेंबर २०११ रोजी, ५४१ दिवसांनी. त्या काळात बोदुआंचा भाऊ दुसरा आल्बर्ट गादीवर होता. तो एकामागून एक माणसं नेमत राहिला: कोणी माहिती काढायला, कोणी मध्यस्थीला, कोणी वाटाघाटींना. एकाने हात टेकले की दुसरा. जानेवारी २०११मध्ये तर त्याने काळजीवाहू सरकारला वर्षाचा अर्थसंकल्प तयार करायला सांगितलं, कारण कर्जबाजारी देशाकडे बाजाराचं लक्ष होतं. कोणाला कधी बोलवायचं याची निवड राजाच्या हातात असते, आणि कधी कधी सगळं त्यावरच ठरतं. आपल्या राज्यपालांच्या बाबतीत हे महाराष्ट्राने २०१९ साली पाहिलंच आहे. डचांनी २०१२ साली हे काम राणीकडून काढून संसदेकडे दिलं. स्वीडनने तर १९७५पासूनच पंतप्रधानपदाचं नाव सुचवणं सभापतींकडे सोपवलं आणि कायद्यांवरची राजाची सहीही काढून टाकली. तिथल्या राजाला शोभेचा म्हणावं, माझी हरकत नाही.

सहीचा प्रश्न बेल्जियमने मात्र सोडवला नाही. बोदुआंनंतर घटना बदलावी अशी चर्चा खूप झाली, पण मंजुरीचा नियम तसाच आहे. २००२ साली इच्छामरणाचा कायदा आला, आल्बर्टने सही केली. २०१४ साली तोच कायदा अल्पवयीनांनाही लागू झाला, तेव्हा फिलिप राजाने सही केली. पुढे एखाद्याचा हात अडलाच तर पुन्हा असमर्थतेचीच आठवण काढावी लागेल. शेजारच्या लक्झेंबर्गमध्ये २००८ साली तेव्हाचे राज्यप्रमुख ग्रँड ड्यूक आन्री यांनी इच्छामरणाच्या कायद्याला मंजुरी देणार नाही असं सांगितलं, तेव्हा तिथल्या संसदेने आडवळण घेतलं नाही. घटनेतून ‘मंजुरी’ काढून टाकली. तेव्हापासून तिथले ग्रँड ड्यूक कायदा फक्त जारी करतात, आणि त्यात त्यांच्या मताचा प्रश्नच येत नाही.

लेखमालेचा पुढचा भाग नेदरलँड्सवर आहे असं दिसतं. त्यात राजवाड्यांबरोबर २०१२च्या या बदलाबद्दल आणि त्यानंतर सरकार बनवायला तिथे किती वेळ लागतो याबद्दल चार ओळी याव्यात, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, मिरज