आजीचं वाक्य आणि कृतीचं वाक्य

म्हापसा, गोवा
२४ जून

प्रिय विन्या,

फोनवर तू विचारलंस, इन्स्टावर आमच्या मालाच्या पोस्टला कॅप्शन कोणतं चालतं ते कसं कळलं. नीट सांगायला पत्रच हवं, कारण आधी मी दोनदा तोंडावर पडलो.

पहिल्यांदा कोकम आगळाच्या दोन पोस्ट टाकल्या. कॅप्शन वेगळी आणि फोटोही वेगळे. एकीत नुसती बाटली, दुसरीत वहिनी वाटीत सोलकढी ओततेय. दुसरी जिंकली, पण वाक्यामुळे की वाटीमुळे, देव जाणे. दुसऱ्यांदा फोटो सुधारला, तर मामेबहिणीने पोस्ट घरच्या ग्रुपवर टाकली आणि अर्ध्या खानदानाने प्रेमाने सेव्ह केली. तो हिशेब सरळ फाडून टाकला.

मग ठरवलं की बदलायची फक्त पहिली ओळ. फीडमध्ये साधारण तेवढीच दिसते, बाकीचं 'more' मागे जातं. अ प्रकारात आजीचं वाक्य: "आमच्या आजीच्या पद्धतीनं केलेलं आगळ, यंदाची पहिली बाटली." ब प्रकारात कृतीचं: "अर्ध्या नारळाचं दूध, तीन चमचे आगळ, एक लसूण पाकळी, एक हिरवी मिरची: सोलकढी झाली." खालचा मजकूर दोन्हीकडे तोच: किंमत, घरपोच कुठवर, आणि आगळ मुळातच खारट असतं म्हणून मीठ चाखूनच घाला.

आगळ, काजूगर, हळद आणि उकडे तांदूळ अशा चार जोड्या केल्या. एका मालाचे दोन्ही फोटो एकाच बैठकीत, एकाच उजेडात काढले. पोस्ट मंगळवारी आणि गुरुवारी, रात्री आठला. शुक्रवारी बाजार असतो, मला मान वर करायला फुरसत नसते. पहिल्या जोडीत आधी अ, दुसरीत आधी ब, असा क्रम पालटत गेलो. तोच माल दोन दिवसांत पुन्हा दिसला की लोक कंटाळतात, आणि तो कंटाळा एकाच बाजूच्या वाट्याला यायला नको होता.

सेव्ह मोजणं सोपं, साइटवरच्या क्लिकचं जरा अवघड. इन्स्टाच्या कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही, ती बायोतच द्यावी लागते. म्हणून प्रत्येक पोस्टनंतर दोन दिवस बायोतल्या आमच्या साइटच्या लिंकचं शेपूट बदलायचो:

```
?utm_source=instagram&utm_content=agal_a
```

दुसऱ्या वेळी `agal_b`. अ‍ॅनालिटिक्समध्ये दोन्ही वेगळे दिसतात. हे काटेकोर नाही, कारण त्या दोन दिवसांत कोणी जुनी पोस्ट बघून बायोत गेला तरी तो नव्या शेपटाखालीच मोजला जातो. पण दोन्ही बाजूंना सारखीच गळती, म्हणून चालवून घेतलं.

पहिल्या जोडीत अ ला ९ सेव्ह, ब ला १४. मी लगेच नाचायला लागलो. आमच्या शेजारचे गणिताचे सर म्हणाले, "थांब रे. दोन्ही आकडे मिळव, वर्गमूळ काढ, त्याची दुप्पट कर. फरक त्याहून मोठा असेल तरच बोल." बेरीज २३, वर्गमूळ पाचाच्या आसपास, दुप्पट दहा. फरक फक्त पाचाचा. गप्प बसलो. (हा ठोकताळा दोन्ही बाजूंचा रीच जवळपास सारखा असेल तेव्हाचा. नाहीतर आधी दर हजार रीचमागे किती ते काढावं लागतं.)

चारही जोड्या झाल्यावर अ चा रीच ३,१८०, ब चा ३,१४०. सेव्ह ३८ विरुद्ध ८३. बेरीज १२१, वर्गमूळ ११, दुप्पट २२. फरक ४५. इथे शंकाच नाही. क्लिक मात्र उलटे, अ चे २९ आणि ब चे २०. बेरीज ४९, वर्गमूळ ७, दुप्पट १४, आणि फरक ९. म्हणजे काहीच सिद्ध झालं नाही. आई म्हणते, आजीनेच गिऱ्हाईक आणलं. मी हसून सोडून देतो, पण खोटं म्हणायलाही माझ्याकडे आधार नाही.

सेव्हचं कारण मला दिसतं ते असं: कृती उद्या पुन्हा लागणार असते म्हणून माणूस ठेवून देतो, आजीची आठवण वाचून पुढे जातो. त्यातही आगळात फरक सर्वांत मोठा निघाला, काजूगरात जेमतेम. काजूगर कसे करायचे हे गोव्यात कोणाला सांगायला हवंय? पण मालागणिक आकडे इतके लहान की त्यावर मी पैज लावणार नाही.

आता पहिली ओळ कृतीचीच ठेवतोय आणि पुढची पारख शेवटच्या ओळीची: किंमत लिहायची, की "किंमत बायोतल्या लिंकवर" म्हणायचं. या वेळी चारऐवजी आठ जोड्या करणार, कारण क्लिक मुळातच कमी येतात. चवथीच्या आत संपवायला हवं. त्या दिवसांत गिऱ्हाईक वाक्य न वाचताच नारळ-गूळ मागवतं.

तू चवथीला येतोयस ना? तोवर आमची एकही पोस्ट सेव्ह करू नकोस, आणि वहिनींनाही सांग.

तुझा,
दिगू