तक्रार बंद झाली, पण यादीतून नाव गेलेलंच राहिलं

महोदय,

ऑफिसातल्या तक्रारींबद्दल बरंच बोललं जातं, पण निकालानंतर दोघं पुन्हा शेजारच्या खुर्च्यांवर येतात तेव्हा काय होतं, हे कुणी सांगत नाही. मी ते अनुभवलं आहे, म्हणून हे पत्र.

माझ्या टीममधले वरिष्ठ सहकारी सगळ्यांसमोर अपमान करतात, अशी मी तक्रार केली होती. चौकशीत ती काही अंशी खरी ठरली. त्यांना लेखी ताकीद मिळाली आणि मला पुन्हा त्याच टीममध्ये पाठवलं. पहिल्याच दिवशी साहेब म्हणाले, ‘झालं गेलं विसरून जा.’ ते प्रेमानं म्हणाले असतील, पण त्या एका वाक्यानं मला पुढच्या अडचणींबद्दल बोलायची चोरी झाली.

नंतर मीच आग्रह धरला आणि साहेब, ते सहकारी आणि मी असे तिघं तासभर बसलो. कोण चूक, कोण बरोबर हे पुन्हा उगाळायचं नाही, फक्त कामाचं बोलायचं, असं आधीच ठरवलं होतं. माझ्या कामातली चूक ते सहकारी मला एकटीला किंवा लेखी सांगतील. काम लांबणार असेल तर साहेबांकडे जाण्याआधी मी त्यांना सांगेन. त्या वर्षीचं माझं मूल्यमापन दुसरं कुणीतरी करेल. टीमला काय सांगायचं तेही ठरलं: ‘चौकशी पूर्ण झाली आहे, तपशील गोपनीय आहे.’ एवढं तरी सांगावंच लागतं, नाहीतर उरलेली गोष्ट लोक आपापल्या मनानं रचतात. माफी कुणी मागितली नाही आणि मीही मागायला लावली नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका महत्त्वाच्या बैठकीचं निमंत्रण मला आलं नाही. सूड उगवतायत, हाच पहिला विचार आला. तारीख टिपून ठेवली आणि पाहिलं, तर टीमच्या सगळ्याच मेलमधून मी गळले होते, त्यांच्या एकट्याच्या नव्हे. चौकशीच्या काळात आम्हाला वेगळं ठेवताना माझं नाव ग्रुपमधून काढलं होतं. ते परत घालायचं कुणालाच सुचलं नव्हतं. निमंत्रण फक्त त्यांच्याकडूनच आणि वारंवार चुकलं असतं, तर मी पुन्हा लेखी कळवलं असतं. सूड बहुधा अशाच बारीक गोष्टींतून घेतला जातो.

आज आम्ही मित्र नाही. जेवायला एकत्र बसत नाही, पण काम नीट होतं, आणि ते पुरे आहे. लैंगिक छळ किंवा मारहाणीच्या तक्रारीत मात्र अशी समोरासमोर बैठक लादू नये. तिथं टीम वेगळी करणंच योग्य.

व्यवस्थापकांना माझी विनंती एवढीच, की चौकशीच्या काळापुरते केलेले बदल कोण आणि कधी मागे घेणार, आणि महिन्याभरानं दोघांना वेगवेगळं कोण भेटणार, हे तक्रार बंद केल्याच्या पत्रातच लिहा.

आपली विश्वासू,
एक वाचक
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती)