अर्धवट भरलेले आकडे दाखवणाऱ्या संकलन-डॅशबोर्डविषयी तक्रार आणि स्टेजिंग टेबलची मागणी

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
(आमच्या दूध संघाचा संकलन-डॅशबोर्ड चालवणारी कंपनी)

विषय : माहिती भरणे चालू असताना डॅशबोर्डवर अर्धवट आकडे दिसत असल्याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीने आमच्या दूध संघासाठी तयार केलेला संकलन-डॅशबोर्ड आमच्याकडे रोजच्या वापरात आहे. शीतकरण केंद्रांवर सकाळी आणि संध्याकाळी जमा झालेले दूध, त्याचे फॅट आणि एसएनएफ हे आकडे त्यावर पाहूनच मुख्य डेअरीतील उत्पादन विभाग त्या पाळीचे नियोजन करतो. या डॅशबोर्डवर नवी माहिती भरली जात असताना काही मिनिटे अर्धवट आकडे दिसतात, ही बाब आम्ही आपल्या मदत कक्षाला दूरध्वनीवरून वेळोवेळी कळवली. प्रत्येक वेळी "दोन-चार मिनिटे थांबून पान रिफ्रेश करा" एवढेच उत्तर मिळाले. हा दोष थांबून टळणारा नाही, तो माहिती भरण्याच्या पद्धतीतच आहे, म्हणून ही लेखी तक्रार करीत आहे.

करारानुसार आम्हाला डेटाबेस फक्त वाचण्यापुरता पाहता येतो. त्या लॉगिनवरून भरणा चालू असताना `sankalan` या टेबलातील नोंदी काही सेकंदांच्या अंतराने मोजून पाहिल्या. भरणा सुरू होताच मोजणी एकदम शून्यावर आली, त्यानंतर ती 5,000, 10,000, 15,000 अशा टप्प्यांनी वाढत गेली आणि साधारण चार मिनिटांनी 21,600 वर स्थिरावली. याचा अर्थ उघड आहे. आपला प्रोग्राम लोक पाहत असलेले टेबलच आधी `TRUNCATE` करून रिकामे करतो आणि मग चालू महिन्याच्या सर्व नोंदी पाच-पाच हजारांच्या गठ्ठ्यांनी पुन्हा भरतो. मधल्या काळात जो कोणी डॅशबोर्ड उघडेल, त्याला त्या क्षणी जेवढे भरले गेले असेल तेवढ्याचीच बेरीज दिसते.

शून्य दिसले तर माणूस सावध होतो. खरा धोका खऱ्यासारख्या दिसणाऱ्या आकड्याचा आहे, आणि आमच्या बाबतीत तेच घडले. आमच्या चारपैकी दोन केंद्रांवर मुख्यतः गायीचे दूध येते आणि दोन केंद्रांवर म्हशीचे. आपला प्रोग्राम केंद्रांच्या संकेतांकाच्या क्रमाने नोंदी भरतो, त्यामुळे गायीच्या दुधाची केंद्रे आधी भरली जातात. त्या पाळीला या दोन केंद्रांचे मिळून 40,000 किलो दूध होते आणि त्याचे सरासरी फॅट 3.8 टक्के होते. उरलेल्या दोन केंद्रांचे 20,000 किलो दूध 6.5 टक्के फॅटचे होते. प्रत्यक्षात हातात 60,000 किलो दूध आणि त्यात 2,820 किलो फॅट, म्हणजे सरासरी 4.7 टक्के, अशी स्थिती होती. उत्पादन अधिकाऱ्यांनी पाहिले तेव्हा डॅशबोर्डवर 40,000 किलो आणि 3.8 टक्के असे आकडे होते.

स्टँडर्डाइज्ड दुधाला किमान 4.5 टक्के फॅट लागते, तर टोन्ड दुधाला 3 टक्के. 4.7 टक्क्यांच्या दुधातून सगळे स्टँडर्डाइज्ड दूध करूनही साधारण 120 किलो फॅट वर उरते आणि ते क्रीमसाठी काढता येते. 3.8 टक्क्यांच्या 40,000 किलो दुधाला मात्र तोच दर्जा गाठायला साधारण 280 किलो फॅट कमी पडते. समोर दिसणाऱ्या आकड्यांवरून अधिकाऱ्यांनी स्टँडर्डाइज्ड दुधाचे पॅकिंग कमी करून टोन्ड वाढवले. त्या आकड्यांवर त्यांचा निर्णय योग्यच होता. वितरकांची स्टँडर्डाइज्डची मागणी त्या दिवशी अपुरी राहिली आणि त्याचा जाब आमच्या विक्री विभागाला द्यावा लागला.

यात आणखी दोन गोष्टींची भर पडते आणि त्या दोन्ही आपल्याकडूनच झाल्या आहेत. डॅशबोर्डच्या माथ्यावर "शेवटचे अद्ययावत" म्हणून जी वेळ दिसते, ती भरणा सुरू होतानाच नोंदवली जाते. त्यामुळे सर्वांत अपुरे आकडे सर्वांत ताजे म्हणून मिरवतात आणि पाहणाऱ्याला शंका घ्यायला जागाच उरत नाही. शिवाय पानाचा वेग वाढावा म्हणून आपण उत्तरे पंधरा मिनिटे कॅशमध्ये ठेवता. भरणा चालू असताना कॅशमध्ये गेलेला अर्धवट आकडा, टेबल पूर्ण भरल्यावरही, ती मुदत संपेपर्यंत सर्वांना दिसत राहतो. चार मिनिटांचा दोष अशा रीतीने जवळजवळ वीस मिनिटे टिकतो, आणि रिफ्रेश करूनही तो जात नाही.

आपल्या तांत्रिक विभागाने असे कळवले होते की सगळा भरणा एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळला आहे, त्यामुळे असे घडूच शकत नाही. हे म्हणणे मायएसक्यूएलला लागू पडत नाही. तेथे `TRUNCATE` ही आज्ञा आपोआप कमिट करते. सुरू केलेले ट्रान्झॅक्शन तेथेच संपते आणि टेबल रिकामे झाल्याचे सर्वांना तत्काळ दिसते. `DELETE` वापरून आणि शेवटी एकदाच कमिट करून हा दोष टाळता येईल हे खरे, परंतु मग हजारो नोंदी काढण्या-घालण्याचे एकच मोठे ट्रान्झॅक्शन चालत्या टेबलावर उघडे राहील आणि कमिट करण्यापूर्वी नोंदी तपासण्याची सोयही सहज राहणार नाही. वेळ बदलून भरणा रात्री करण्याची आपली सूचनाही उपयोगाची नाही, कारण संध्याकाळच्या संकलनाचे नियोजन रात्रीच होते.

आमची मागणी अशी आहे की लोक पाहत असलेल्या टेबलाला भरण्याच्या काळात हातच लावू नये. आम्ही टँकरमधून आलेले दूध थेट पॅकिंगला सोडत नाही, ते सायलोत घेऊन तपासतो आणि मगच पुढची वाहिनी उघडतो. आकड्यांच्या बाबतीतही तीच शिस्त हवी. वेगळे स्टेजिंग टेबल तयार करावे, सर्व नोंदी त्यात भराव्यात, त्या तेथेच तपासाव्यात आणि सर्व ठीक असेल तरच नावांची अदलाबदल करावी.

```sql
DROP TABLE IF EXISTS sankalan_old, berij_old, sankalan_new, berij_new;
CREATE TABLE sankalan_new LIKE sankalan;
CREATE TABLE berij_new LIKE berij;
-- येथे भरणा आणि तपासणी
SET SESSION lock_wait_timeout = 10;
RENAME TABLE sankalan TO sankalan_old,
             sankalan_new TO sankalan,
             berij TO berij_old,
             berij_new TO berij;
```

मायएसक्यूएलमध्ये एकाच `RENAME TABLE` आज्ञेतील सर्व नामांतरे एकत्रितपणे घडतात. मध्येच `sankalan` नावाचे टेबल नाही, अशी अवस्था पाहणाऱ्याला दिसत नाही. तपशिलाचे टेबल आणि केंद्रवार बेरजेचे टेबल एकाच आज्ञेत बदलणे आवश्यक आहे, अन्यथा वरची बेरीज नवी आणि खालचा तक्ता जुना असा नवाच घोळ निर्माण होईल. `LIKE` वापरल्याने इंडेक्स आपोआप येतात. फॉरेन की मात्र येत नाहीत, त्यामुळे त्या असतील तर त्यांची सोय आपल्याला स्वतंत्रपणे करावी लागेल.

वरच्या आज्ञांमधील `lock_wait_timeout` ची ओळ कृपया गाळू नये. या टेबलावर कोणाचे एखादे लांबलेले ट्रान्झॅक्शन चालू असेल तर नामांतराला थांबावे लागते, आणि नामांतर थांबलेले असताना त्यानंतर आलेल्या सर्व क्वेरी त्याच्या मागे रांगेत अडकतात. या प्रतीक्षेची मूळ मर्यादा 3,15,36,000 सेकंद, म्हणजे एक वर्ष आहे. महिनाअखेरचा एखादा जड अहवाल चालू असताना अदलाबदल सुरू झाली तर संपूर्ण डॅशबोर्ड गोठून बसेल. दहा सेकंदांत कुलूप मिळाले नाही तर आज्ञा सोडून द्यावी आणि थोड्या वेळाने पुन्हा करावी. तेवढा वेळ जुने, पण पूर्ण आकडे दिसत राहिले तरी आमची हरकत नाही.

तपासणीबद्दलही स्पष्ट लिहितो, कारण तपासणीविना केलेली अदलाबदल म्हणजे चुकीचे आकडे एका झटक्यात प्रसिद्ध करणे होईल. चारही केंद्रांच्या त्या पाळीच्या नोंदी आल्या आहेत का, प्रत्येक केंद्राची बेरीज केंद्राने पाठवलेल्या पाळी-पत्रकाशी जुळते का आणि कोणत्याही नोंदीचे फॅट अशक्य कोटीतील नाही ना, एवढे तीन प्रश्न आम्हाला पुरेसे वाटतात. मागे एका केंद्राने 6.5 ऐवजी 65 असे फॅट पाठवले, तेव्हा आपला प्रोग्राम त्या नोंदीवर अडखळून बंद पडला आणि पुढच्या भरण्यापर्यंत डॅशबोर्डवर दोनच केंद्रे दिसत राहिली. स्टेजिंगची पद्धत असती तर ती चूक स्टेजिंग टेबलातच अडली असती आणि आम्हाला आधीच्या पाळीचे पूर्ण आकडे दिसले असते. तपासणीत काही अडले तर आमच्या विभागाला तत्काळ संदेश यावा, अशी तरतूद हवी.

अदलाबदलीनेही एक फट उरते आणि ती आपण बुजवावी अशी अपेक्षा आहे. आपले पान प्रत्येक चौकटीसाठी स्वतंत्र क्वेरी पाठवते. अदलाबदल नेमकी दोन क्वेरींच्या मध्ये झाली तर एक चौकट जुन्या आणि दुसरी नव्या भरण्यातील दिसेल. यासाठी प्रत्येक भरण्याला एक क्रमांक द्यावा, तो प्रत्येक उत्तरासोबत पाठवावा आणि पानावरील सर्व क्रमांक सारखे नसतील तर पानाने सर्व चौकटी आपोआप पुन्हा मागवाव्यात. कॅशमधील उत्तरेही याच क्रमांकाखाली ठेवावीत, म्हणजे अदलाबदल होताच जुनी उत्तरे आपोआप बाद होतील. "शेवटचे अद्ययावत" ही वेळ अदलाबदल यशस्वी झाल्यानंतरच बदलावी, आणि तिच्याशेजारी आकडे कोणत्या पाळीपर्यंतचे आहेत हेही लिहावे.

या पद्धतीत काही काळ दोन्ही टेबलांच्या दोन प्रती साठवाव्या लागतील. 21,600 नोंदींसाठी ही जागा अगदी किरकोळ आहे, त्यामुळे त्यासाठी जादा आकारणी करण्याचे कारण आम्हाला दिसत नाही. उलट जुनी प्रत पुढच्या भरण्यापर्यंत हाताशी राहील आणि नंतर एखादी चूक लक्षात आल्यास उलट नामांतर करून लगेच मागे जाता येईल.

तरी आपण पंधरा दिवसांच्या आत हा बदल आधी चाचणी सर्व्हरवर करून दाखवावा. त्या वेळी भरणा चालू असताना आम्ही वर सांगितल्याप्रमाणे नोंदींची मोजणी करू. मोजणी जुन्या आकड्यावरून थेट नव्या आकड्यावर गेली, मधला एकही आकडा दिसला नाही आणि मुद्दाम चुकीचे फॅट घातलेला भरणा डॅशबोर्डपर्यंत पोहोचला नाही, तरच काम पूर्ण झाल्याचे आम्ही मान्य करू. तोपर्यंत भरणा चालू असताना डॅशबोर्डवर "आकडे भरणे चालू आहे, नियोजनासाठी वापरू नयेत" अशी ठळक सूचना दाखवण्याची व्यवस्था आजच करावी. या पत्राचे उत्तर कृपया लेखी आणि तांत्रिक विभागाच्या जबाबदार अधिकाऱ्यांच्या सहीने पाठवावे.

आपला विश्वासू,
प्रमुख, संगणक व माहिती विभाग,
जिल्हा सहकारी दूध संघ

प्रत : उत्पादन अधिकारी, मुख्य डेअरी, माहितीसाठी.