विषय : नाशवंत पार्सल उशिरा पोचवल्याबद्दल व भरपाई नाकारल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या माणसाने आत्ताच मला 'तक्रार बंद केली आहे' असं सांगून फोन ठेवला. माझ्याकडून ती बंद झालेली नाही.

मी अमळनेरला घरी खापराचे मांडे करून विकते. बुधवारी पहाटे केलेले पुरणाचे मांडे त्याच सकाळी तुमच्या शाखेत पुण्यासाठी दिले. शुक्रवारी आखाजी होती. मांडे मागवणारी बाई यंदा सणाला माहेरी येऊ शकली नव्हती. तुमच्या 'नाशवंत' सेवेचे जादा पैसे भरले, ४८ तासांत पोचेल असं पावतीवर लिहून घेतलं.

पुरणात ओल असते. म्हणून मांडे कापडावर पूर्ण गार करून, घडीघडीत बटर पेपर घालून भरले आणि खोक्याला दोन्ही बाजूंनी भोकं पाडली. लेबलवर बनवल्याची तारीख, 'शनिवारपर्यंत वापरा, थंड जागी ठेवा' आणि माझा एफएसएसएआय नोंदणी क्रमांक, सगळं होतं. तुमच्या लोकांनी सगळ्या भोकांवर तुमच्या नावाची रुंद टेप चिकटवली. फोटो जोडला आहे.

पार्सल गुरुवारी रात्री पुण्यात पोचलं. शुक्रवारी 'ग्राहक घरी नाहीत' अशी नोंद. ती दिवसभर घरीच होती, तिला एकही फोन आला नाही. खोकं मिळालं सोमवारी. घड्यांवर बुरशी होती, मांडा फाडला तर पुरणाला तार सुटत होती आणि आंबूस वास येत होता.

मी फोन केला तर तुमचा माणूस म्हणतो, "मॅडम, तुमच्याच लेबलवर शनिवार लिहिलंय. पार्सल पुण्यात गुरुवारीच आलं, म्हणजे मुदतीत आलं." मी म्हटलं, मुदत खाणाऱ्यासाठी असते, तुमच्या गोदामासाठी नाही. यावर तो म्हणाला, "मग प्रिझर्व्हेटिव्ह टाकत जा ना, टिकेल." तुमचा उशीर झाकायला मी पुरणात रसायन घालू? मी मुदत खरी लिहिली, आणि तीच माझ्यावर उलटवली. वर "नाशवंत मालाला भरपाई नसते." मग नाशवंत म्हणून जादा पैसे कशाचे घेतले? शुक्रवारी ती घरीच होती, हे मी त्याला पुन्हा सांगितलं. त्याने ऐकूनही घेतलं नाही.

गावात सगळ्यांना मी तुमचंच नाव सांगायची. आता नाही सांगणार.

मांड्यांची पूर्ण किंमत आणि पार्सलचे पैसे परत हवेत. शुक्रवारी घरी कोण गेलं होतं, किती वाजता आणि कुठल्या नंबरवर फोन केला, तेही लेखी कळवा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर पावती, लेबल आणि फोटो घेऊन जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. त्या बाईला मी पैसे परत केले आहेत. तिची आखाजी मात्र मांड्यांवाचून गेली.

आपली ग्राहक,
अमळनेर, जि. जळगाव

सोबत : पावती, लेबल, खोक्याचे व मांड्यांचे फोटो