सेन्सरला अनुदान द्या, पण आकडे वाचणाऱ्याचंही बघा: उद्योगमंत्र्यांना खुले पत्र

मा. उद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्री चालवतो. मशीन बंद पडण्याआधी सूचना देणारे कंपनाचे सेन्सर आता शिरोलीपासून गोकुळ शिरगाव आणि कागलपर्यंत विकायला येत आहेत. आधुनिकीकरणाच्या अनुदानातून ते घेता येतील का, अशी विचारणाही सुरू आहे. वस्तू कामाची आहे यात शंका नाही. पण अनुदान नुसतं सेन्सरच्या नगावर दिलंत, तर भिंतीवर हिरवे दिवे लागतील आणि मोटारी पूर्वीसारख्याच जळतील.

आमच्या सँड प्लांटवर धूळ ओढणारा ब्लोअर आहे. 30 किलोवॉटची मोटर, मिनिटाला 1,470 फेरे. हा ब्लोअर थांबला की वाळूची लाइन थांबते, साचे मिळत नाहीत आणि भट्टीत तयार झालेलं लोखंड वीज जाळत धरून ठेवावं लागतं. म्हणून पहिला सेन्सर तिथंच बसवला. बसवायला आलेल्या मुलानं तो मोटरच्या मागच्या पंख्याच्या पत्र्यावर चिकटवला, कारण मोकळी जागा तिथं होती. पत्रा स्वतःच थरथरतो, त्यामुळे सेन्सर बेअरिंगचं नाही, पत्र्याचं गाणं ऐकत बसला. बेअरिंगच्या हाउसिंगवर रंग खरवडून, सपाट जागा करून तो पुन्हा बसवून घ्यावा लागला.

त्यानंतर त्यानं एक काम चोख केलं. ब्लोअरच्या पात्यांवर धूळ बसते आणि तिचा एखादा पापुद्रा सुटला की तोल जातो. तोल गेला की कंपन मोटरच्या फेऱ्याइतक्याच वेगानं येतं. 1,470 भागिले 60, म्हणजे सेकंदाला 24.5 वेळा, अर्थात 24.5 हर्ट्झ. असलं संथ, जोरदार हलणं मिलिमीटर प्रति सेकंद या मापात लगेच दिसतं. आकडा चढला, पाती साफ केली, आकडा उतरला. इथपर्यंत विक्रेत्याची जाहिरात खरी आहे.

अडचण बेअरिंगची आहे. बाहेरच्या रिंगला बारीक खड्डा पडला की त्यावरून जाणारी प्रत्येक गोळी टिचकी मारते. ही टिचकी इतकी क्षणभराची असते की तिचा नाद हजारो हर्ट्झवर उमटतो. स्वस्तातले बहुतेक सेन्सर 10 ते 1,000 हर्ट्झ एवढाच पट्टा बघतात, त्यामुळे तो नाद त्यांच्या कानी पडतच नाही. पट्टा वाढवला तरी नुसत्या मिलिमीटर प्रति सेकंदात तो बुडतो. 3,000 हर्ट्झवरचं अर्ध्या 'जी'चं कंपन, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाच्या निम्मं, त्या मापात फक्त 0.26 येतं. मशीनचं नेहमीचं कंपन 2.00 असेल तर दोन्ही मिळून आकडा होतो 2.02. एवढ्या मशीनला चालतं असं मानतात ते आकडे याच्या वरचे असतात, त्यामुळे दिवा हिरवाच राहतो आणि आत बेअरिंग खराब होत असतं.

आमच्याकडे नेमकं असंच झालं. आमच्या फिटरला कर्कश आवाज ऐकू येत होता आणि मोबाइलवर सगळं ठीक होतं. शेवटी कंपन वाचणाऱ्या एका जाणकाराला बोलावलं. त्यांनी हातातल्या यंत्रावर उच्च वारंवारतेचा सिग्नल घेतला, त्याची वरची रेघ काढली (याला एन्व्हलप म्हणतात) आणि टिचक्या किती वेळानं येतात ते मोजलं. मोटरला 6312 नंबरचं बेअरिंग आहे, त्यात 8 गोळ्या. बाहेरच्या रिंगचा दोष असेल तर दर फेऱ्याला सुमारे 3.07 टिचक्या पडतात. 24.5 ला 3.07 ने गुणलं की 75 हर्ट्झच्या जरा वर येतं. त्यांच्या पडद्यावर 75 आणि त्याच्या पटीतल्या 150, 225 च्या आसपास उंच काठ्या उभ्या होत्या. सुट्टीच्या दिवशी बेअरिंग उतरवलं. बाहेरच्या रिंगवर खड्डा पडला होता आणि ग्रीसमध्ये बारीक वाळू होती. बेअरिंगबरोबर सीलही बदललं.

खरी मेख पुढे आहे. फेऱ्यांच्या वेगाची तिप्पट होते 73.5 हर्ट्झ आणि बेअरिंगच्या दोषाचा आकडा येतो 75.2. फरक दोन हर्ट्झहून कमी. कपलिंगचा किंवा ढिल्या पायाचा दोष 73.5 वर दिसू शकतो, बेअरिंगचा 75.2 वर, आणि दोन्हींची दुरुस्ती वेगळी. ते वेगळे दिसायला निदान दोन सेकंदांचं सलग रेकॉर्डिंग लागतं. तेव्हा कुठे अर्ध्या हर्ट्झपर्यंतचं बारीक दिसतं. बॅटरीवर चालणारा सेन्सर बॅटरी वाचवायला पाव सेकंद ऐकला, तर त्याची काठी चार हर्ट्झ रुंद होते आणि दोन्ही दोष तिच्यात एकत्र गाडले जातात. माहितीपत्रकात हे कुठंतरी बारीक अक्षरांत असतं. घेणारा विचारत नाही, विकणारा सांगत नाही.

आणखी एक फाउंड्रीची खास अडचण आहे. शेजारी साचे हादरवून फोडणारा नॉकआउट चालू असला की सगळी जमीन हादरते. तेव्हा घेतलेला आकडा आणि तो बंद असताना घेतलेला आकडा यांची तुलना होऊच शकत नाही. नॉकआउट चालू असतानाच्या आकड्यांवर अलार्म लावलेत तर आठवड्याभरात ऑपरेटर फोन म्यूट करतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

म्हणून माझं मागणं नगाचं नाही. अनुदान देताना अट घाला की सेन्सर कच्चा सिग्नल किमान दोन सेकंद साठवेल, 1,000 हर्ट्झच्या बरंच वरचं ऐकेल, आणि तो सिग्नल कारखानदाराला स्वतःकडे उतरवून घेता येईल. आज सेन्सरच्या सेवेचं वार्षिक भाडं थांबलं की जुने आकडे विक्रेत्याच्या सर्व्हरवरच अडकतात. मशीनची जुनी नोंद हातात नसेल, तर नवीन आकडा वाढला की घटला हे कशाशी ताडायचं?

दुसरं, वाचणारा माणूस. कंपन तपासणाऱ्यांसाठी आयएसओ 18436-2 प्रमाणे चार श्रेण्यांचं प्रमाणपत्र असतं. पंधरा-वीस माणसांच्या फाउंड्रीला असा माणूस पगारावर ठेवणं परवडणार नाही, पण औद्योगिक वसाहतीतल्या उद्योजकांच्या संघटनेला समूह विकास योजनेतून एक जाणकार आणि दोन हातयंत्रं ठेवणं सहज जमेल. त्याच्याकडून आयटीआयच्या फिटर आणि मेंटेनन्सच्या मुलांना शिकवून घ्या. प्रत्येक सूचनेनंतर उतरवलेलं बेअरिंग, त्याचा फोटो आणि आधीचा आलेख जोडून ठेवणं सक्तीचं करा. सूचना किती खऱ्या ठरल्या आणि किती फुकट गेल्या, हे त्याच नोंदीतून कळेल, आणि पुढच्या वर्षी अनुदान कोणत्या सेन्सरला द्यायचं तेही.

हेही खरं, की कंपनातून सगळं कळत नाही. बेल्ट तुटणं, वाइंडिंग जळणं, कन्व्हेअरमध्ये लोखंडाचा तुकडा अडकणं यांची आधी चाहूल बहुतेकदा लागत नाही. ती चाहूलही देतो असं कुणी म्हणाला तर त्याला अनुदानाच्या यादीत घेऊ नका.

आपल्या विभागाचे अधिकारी शिरोलीला आले तर ते बेअरिंग आणि ते आलेख आम्ही दाखवू. सोबत त्या ब्लोअरच्या हिरव्या दिव्याचा त्या काळातला मोबाइलवरचा आलेखही आहे.

आपला विश्वासू,
शिरोली एमआयडीसीतला एक फाउंड्री चालक